रंगांधळेपणाचा चष्मा : काय मिळते, काय मिळत नाही

माजिवड्यातून एका वडिलांनी आम्हाला विचारले आहे. त्यांच्या मुलाने आयटीआय पूर्ण केले असून तो रेल्वेत सहायक लोको पायलट होण्यासाठी अभ्यास करतो आहे. ठाण्याचा मुलगा, लहानपणापासून रुळांच्या आवाजात वाढलेला, त्याला मोटरमन व्हावेसे वाटले तर नवल नाही. एका मित्राने मोबाईलवर ठिपक्यांचे आकडे दाखवले तेव्हा त्याला ते वाचता आले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, लाल-हिरव्या रंगांत दोष आहे, जन्मापासूनचा आहे. मग एका चष्म्याच्या दुकानात सांगण्यात आले की खास रंगीत काचेचा चष्मा मिळतो, तो लावला की सगळे रंग नीट दिसतात आणि नोकरीचे मेडिकलही पास होते. किंमत अठरा हजार रुपये. दुकानदाराने तेच ठिपक्यांचे पान पुढे धरले, मुलाच्या डोळ्यांवर काच ठेवली, आणि मघाशी न दिसणारा आकडा मुलाने घडाघडा वाचला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. वडील विचारतात, पैसे टाकावेत का?

मेडिकलसाठी विचारत असाल तर उत्तर सरळ नाही असेच आहे. पण नुसते 'नाही' सांगून आम्ही थांबणार नाही. मुलाने आकडा खरोखर वाचला होता, दुकानदाराने हातचलाखी केली नव्हती. मग फसवणूक आहे ती कुठे? हे नीट कळले तर घरातले कोणीच पुन्हा अशा काचेला भुलणार नाही, आणि जिथे काचेचा थोडा उपयोग आहे तो उपयोगही हातचा जाणार नाही.

आधी डोळ्यात काय होते ते पाहू. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली आपल्याच डोळ्यांवर निबंध वाचला. लोकांना लाल दिसते ते आपल्याला तसे दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. कारण काय असावे याचा त्यांनी अंदाज बांधला, की आपल्या डोळ्याच्या आतल्या पाण्याला निळसर रंग असला पाहिजे, म्हणजे जणू डोळ्यात निळी काच बसवलेली आहे आणि ती लाल उजेड अडवते. हे खरे की खोटे ते माझ्या मृत्यूनंतर डोळा कापून पाहा, असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ मध्ये ते वारले आणि डॉक्टरांनी तसे केले. आतले पाणी स्वच्छ होते. डॉक्टरांनी त्या डोळ्यातून आरपार लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या, त्यांना त्या नेहमीसारख्याच दिसल्या. डोळ्याचे अवशेष जपून ठेवले गेले, आणि दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यातल्या जनुकांची तपासणी झाली. तेव्हा कळले की डाल्टन यांच्या डोळ्याच्या पडद्यात हिरव्या उजेडाला जास्त दाद देणारा रंगद्रव्याचा प्रकार मुळातच नव्हता.

ही गोष्ट आम्ही लांबवली, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. दोष डोळ्याच्या पुढच्या काचेत नाही, मागच्या पडद्यात आहे. नंबराच्या चष्म्याचे काम सोपे असते. उजेड पडद्यावर नीट गोळा होत नाही, काच तो गोळा करून देते, पडदा ठणठणीत असतो म्हणून चित्र स्पष्ट होते. रंगदोषात पडद्यावर रंग मोजणारी पेशीच बिघडलेली किंवा गायब असते. काच पुढे ठेवून मागची पेशी उगवत नाही.

आपल्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार निळ्या बाजूच्या उजेडाला जास्त दाद देतो, दुसरा हिरव्या बाजूच्या, तिसरा लाल बाजूच्या. कोणतीही एक पेशी रंग ओळखत नाही. ती फक्त 'माझ्यावर इतका उजेड पडला' एवढेच सांगते. मेंदू तिघींच्या सांगण्याची तुलना करतो आणि त्या तुलनेतून रंग जन्मतो. हिरवी आणि लाल या दोघी तशा सख्ख्या बहिणी आहेत, त्यांच्या आवडीनिवडी बऱ्याच जुळतात. त्यांच्यातला जो थोडासा फरक आहे त्याच्याच जोरावर आपण पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो ओळखतो.

रंगदोष असलेल्यांत दोन गट आहेत आणि चष्म्याच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. काहींमध्ये या दोघींपैकी एक पेशी नसतेच, डाल्टन यांच्यासारखी. पण पुष्कळांमध्ये दोन्ही असतात, मात्र त्या जरुरीपेक्षा जास्त सारख्या झालेल्या असतात. त्यांच्यातला फरक उरतो, पण पुसट. या दुसऱ्या गटातल्या माणसाला गडद लाल आणि गडद हिरवा कळतो, घोटाळा होतो तो फिक्या, मळकट किंवा लहान ठिपक्यासारख्या रंगांत. 'रंगांधळा' हा शब्द त्यामुळे आम्हाला फारसा पटत नाही. काळे-पांढरे जग दिसणारी माणसे अत्यंत दुर्मीळ असतात. बाकीच्यांना निळे, पिवळे चांगले दिसते आणि जग त्यांनाही रंगीतच असते.

आता काच काय करते ते घरी करून पाहता येईल. स्टेशनरीच्या दुकानात लाल जिलेटिन कागद मिळतो. तो डोळ्यांपुढे धरा आणि स्वयंपाकघरात जा. एका ताटलीत हिरवी मिरची आणि लाल मिरची शेजारी ठेवा. कागदातून लाल मिरची उजळ दिसेल, हिरवी मिरची जवळजवळ काळी पडेल. ज्या मुलाला या दोन मिरच्यांत घोटाळा होतो त्यालाही आता त्या वेगळ्या दिसतील. त्याला लाल रंग दिसू लागला म्हणून नव्हे. एक उजळ आणि एक काळी झाली म्हणून. रंगाचा फरक होता, त्याचे रूपांतर उजेड-अंधाराच्या फरकात झाले, आणि उजेड-अंधार ओळखायला त्याचा डोळा पूर्ण समर्थ आहे. माजिवड्याच्या दुकानात त्या मुलाच्या बाबतीत हेच झाले.

आता दुसरा प्रयोग. पांढऱ्या कागदावर लाल बॉलपेनने आपले नाव लिहा आणि त्याच जिलेटिनमधून पाहा. नाव गायब. पांढरा कागद लाल दिसतो, लाल शाईही तशीच लाल दिसते, दोन्हीत फरक उरत नाही. जे अक्षर उघड्या डोळ्यांना रंगदोष असलेला मुलगाही वाचू शकत होता, ते काचेने पुसून टाकले.

हे दोन प्रयोग एकत्र ठेवले की रंगीत काचेचा सगळा हिशोब समोर येतो. काच उजेडात काहीही घालत नाही, ती फक्त काढते. काढल्यामुळे एका जोडीतला फरक वाढतो आणि दुसऱ्या जोडीतला कमी होतो. दुकानदार पहिली जोडी दाखवतो. दुसरी जोडी दाखवत नाही, बहुधा त्यालाही ती ठाऊक नसते.

ही युक्ती नवी नाही. स्कॉटलंडचे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५०च्या दशकात एका डोळ्यावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवी काच लावण्याची कल्पना मांडली होती. १९७०च्या दशकात अमेरिकेत एकाच डोळ्यात लावायची लाल कॉन्टॅक्ट लेन्स निघाली. तिचे तत्त्व असे की, एका डोळ्याला वस्तू उजळ दिसते, दुसऱ्याला अंधुक, आणि दोन्ही डोळ्यांच्या भांडणातून वस्तू किंचित चमकल्यासारखी भासते. सरावाने माणूस त्या चमकेवरून 'हे लाल असावे' असे ओळखायला शिकतो. काहींना हा आधार उपयोगी पडतोही. पण अंतराचा अंदाज चुकू शकतो, कमी उजेडात एक डोळा जवळजवळ बंद पडतो, आणि पायऱ्या उतरताना किंवा रस्ता ओलांडताना ते अंगाशी येऊ शकते.

गेल्या दहा-बारा वर्षांत ज्या चष्म्यांच्या व्हिडिओंनी घरोघरी मोबाईल भरले, ते याहून हुशारीने बनवलेले आहेत. मुलगा चष्मा लावतो, फुगे पाहतो, रडू लागतो, ते सगळ्यांनी पाहिले असेल. या काचांचा उगम लेझरपासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्यांत आहे. लाल आणि हिरव्या पेशी जिथे सर्वात जास्त एकमेकींवर चढतात, म्हणजे पिवळ्या-नारिंगी उजेडाचा जो अरुंद पट्टा आहे, तेवढाच उजेड ही काच कापते. दोघी बहिणी जिथे एकाच सुरात बोलतात तो भाग गाळला, म्हणजे उरलेल्या बोलण्यात त्यांचा फरक जास्त ऐकू येईल, असा हिशोब आहे. हिशोब चुकीचा नाही. पण तो कोणाला लागू पडतो ते पाहा. ज्याच्याकडे दोन्ही पेशी आहेत पण फार सारख्या आहेत, त्याला. ज्याच्याकडे एक पेशी नाहीच, त्याच्याकडे बोलणारी एकच बहीण आहे, कितीही गाळले तरी दुसरीचा आवाज येणार कुठून?

स्पेनमधील ग्रानाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये असा चष्मा रंगदोष असलेल्या ४८ जणांवर तपासला. ठिपक्यांची पाने वाचायला लावली, रंगांच्या गोट्या क्रमाने लावायला सांगितल्या, रंगांची नावे विचारली. निष्कर्ष असा आला की चष्म्याने रंगांचे दिसणे बदलते, पण कोणाचीही दृष्टी सर्वसाधारण माणसासारखी होत नाही आणि निदानाच्या चाचण्यांत माणूस पास होत नाही. काही रंग नव्याने वेगळे दिसू लागले तर काही आधी वेगळे दिसणारे एकमेकांत मिसळले. मिरची आणि लाल शाईचीच गोष्ट, फक्त महागड्या काचेतून.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील संशोधकांनी दोन्ही पेशी असलेल्या सौम्य प्रकारच्या लोकांना असा चष्मा बरेच दिवस वापरायला दिला. त्यांना लाल-हिरवा फरक अधिक ठळक जाणवू लागला, आणि चष्मा काढल्यावरही ती जाणीव काही अंशी टिकली. म्हणजे चष्मा साफ थोतांड आहे असे म्हणता येणार नाही. बागेतली फुले, भरजरी कपडे, ईदच्या बाजारातल्या बांगड्या पाहताना एखाद्याला त्यातून आनंद मिळत असेल, तर तो आनंद खरा आहे. पण आनंद वेगळा आणि ओळख वेगळी. 'छान दिसते' याचा अर्थ 'बरोबर ओळखले' असा होत नाही.

आता मेडिकलकडे वळू. ठिपक्यांचे पुस्तक जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी तयार केले, १९१७ साली ते छापले गेले, आणि आजही तेच चालते. त्यातल्या पानांची रचना मोठ्या चातुर्याची आहे. पहिल्या पानावर १२ हा आकडा आहे आणि तो सर्वांना दिसतो. ज्याला तोही दिसत नाही तो एकतर ढोंग करतो आहे किंवा त्याची नजरच कमी आहे. पुढे एक पान असे आहे की सर्वसाधारण माणूस ८ वाचतो आणि लाल-हिरव्याचा दोष असलेला ३ वाचतो. म्हणजे तो 'दिसत नाही' म्हणत नाही, ठामपणे चुकीचा आकडा सांगतो. आणि काही पाने याच्या उलट आहेत. त्यांवर दोष असलेल्याला आकडा दिसतो, आणि नजर चांगली असलेल्याला नुसता ठिपक्यांचा गोंधळ दिसतो. लाल काच धरली की काही पाने उघडी पडतात, हे दुकानात दिसलेच. पण पुस्तकातली सगळी पाने एकाच दिशेने सरकत नाहीत. त्यामुळे उत्तरांचा जो नमुना तयार होतो तो ना चांगल्या नजरेचा असतो, ना दोषाचा. अनुभवी डॉक्टर तिथेच थांबतो. लाल कॉन्टॅक्ट लेन्स तर टॉर्चच्या उजेडात बुबुळावर सरळ दिसते.

शिवाय सहायक लोको पायलटसाठी रेल्वेचा जो ए-एक वर्ग आहे, त्यात चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ लागते. चष्म्याच्या आधाराने रंग ओळखण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. ठिपक्यांच्या पुस्तकाबरोबर कंदिलाची चाचणीही होते. अंधाऱ्या खोलीत दूर एक कंदील असतो, त्याच्या बारीक भोकातून लाल, हिरवा, पिवळा असे दिवे एकेक करून दाखवतात. मध्येच भोक लहान करतात, मध्येच धुके किंवा पाऊस असल्यासारखी काच आडवी घालतात. उमेदवाराने रंगाचे नाव सांगायचे. लाल काचेने लाल दिवा उजळ आणि हिरवा मंद होतो हे आपण मिरचीत पाहिले. पण इथे परीक्षक उजेड स्वतःच कमीजास्त करतो आहे. समोर मंद दिवा दिसला तर तो हिरवा आहे, की धुक्याच्या काचेमागचा लाल? उजेडावरून रंग ओळखणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही.

ही चाचणी मुलांना अडवण्यासाठी काढलेली नाही. पावसाळ्याच्या रात्री कसारा घाटात धुके उतरलेले असते, सिग्नल दूरवर एका ठिपक्यासारखा दिसतो, मागे हजारो माणसे बसलेली असतात. कंदिलाची खोली म्हणजे त्याच रात्रीची छोटी नक्कल आहे. स्वीडनमध्ये १८७५ साली झालेल्या रेल्वे अपघातानंतर फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी लोकरीच्या रंगीत लडी निवडायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी तपासायला सुरुवात केली. त्या अपघाताचे खरे कारण रंगदोषच होते का यावर अभ्यासकांत वाद आहे, पण चाचणीची पद्धत तिथून जगभर पसरली.

म्हणून माजिवड्याच्या वडिलांना आमचे सांगणे असे, की अठरा हजार रुपये वाचवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाची वर्षे वाचवा. या भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेले असते की मेडिकलमध्ये नापास झालेल्याला दुसरी जागा मिळणार नाही. लेखी परीक्षेसाठी दोन-तीन वर्षे घालवून शेवटी कंदिलाच्या खोलीत हे कळण्यापेक्षा, फॉर्म भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेणे शहाणपणाचे. रेल्वेतच कारकुनी कामाचे सी वर्ग आहेत, त्यांना रंगांची चाचणी लागत नाही. जाहिरातीत प्रत्येक जागेपुढे वैद्यकीय वर्ग छापलेला असतो, तो आधी वाचावा, पगार नंतर.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की रंगदोष म्हणजे सगळे दरवाजे बंद. तसे नाही. खरे तर ज्यांना दरवाजा उघडून मिळाला त्यांना तो काचेमुळे मिळालेला नाही, नियम बदलल्यामुळे मिळाला. आपल्या पुण्यातलेच उदाहरण घ्या.

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये आशुतोष कुमार या तरुणाची फिल्म एडिटिंगच्या अभ्यासक्रमासाठी निवड झाली होती. वैद्यकीय तपासणीत रंगदोष निघाला आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांना दिलासा मिळाला नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एक समिती नेमली, तिच्यात डोळ्यांचे डॉक्टर होते आणि चित्रपटात प्रत्यक्ष काम करणारी माणसेही होती. समितीने विचारलेला प्रश्न साधा होता, की संकलक नेमके काय करतो? कोणता शॉट कुठे कापायचा, कुठे जोडायचा, दृश्याची लय कशी धरायची, हे त्याचे काम. रंगांची अंतिम जुळवणी हे वेगळे काम आहे आणि ते वेगळा माणूस करतो. अभ्यासक्रमात रंगजुळवणीचा जो भाग होता तो काढता येईल किंवा ऐच्छिक ठेवता येईल, असे समितीचे मत पडले. १२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रंगदोष असलेल्यांना संस्थेचे सर्व अभ्यासक्रम खुले असावेत.

या खटल्यात कोणीही चष्मा पुढे केला नाही, हे आम्हाला फार बोलके वाटते. कामाचे तुकडे केले, रंग कुठे लागतो आणि कुठे लागत नाही ते पाहिले, आणि जिथे लागतो तिथे दुसऱ्या माणसाची मदत घ्यायची सोय ठेवली. मोटरमनच्या कामाचे असे तुकडे करता येत नाहीत, सिग्नल पाहणे हेच ते काम. संकलनाचे करता येतात. मुलाचे शिक्षण ठरवताना आईवडिलांनी हाच प्रश्न विचारावा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये छोट्या रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात, तिथे अडचण येते, पण मीटर लावून किंमत मोजता येते. वायरिंगमध्ये लाल आणि हिरवी तार ओळखण्यात चूक झाली तर जिवावर बेतते, तिथे टेस्टर आणि साथीदाराशिवाय हात घालू नये. हिशोब, कायदा, अध्यापन, संगणक यांत अडचण नगण्य.

वाहन परवान्याचेही तसेच आहे. पूर्वी रंगदोष निघाला की परवाना अडायचा. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये मोटार वाहन नियमांतले फॉर्म १ आणि १-अ बदलले, आणि सौम्य ते मध्यम रंगदोष असलेल्यांना परवाना मिळू लागला. तीव्र दोषाला अजून मनाई आहे. माजिवडा नाक्यावर सिग्नलला उभे राहून पाहा, लाल दिवा वर, हिरवा खाली. रंग न कळणाराही जागेवरून ओळखतो. त्याला खरी अडचण येते ती पावसात पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट वेळेवर दिसण्याची, विशेषतः लाल पेशीचा दोष असेल तर, कारण त्याला लाल उजेड मुळातच अंधुक दिसतो. त्याने पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे.

आणि इथेच एक इशारा. रंगीत काच लावून रात्री गाडी चालवू नका. पिवळ्या पट्ट्याचा उजेड कापणारी काच सिग्नलचा पिवळा दिवा मंद करू शकते, आणि आधीच कमी असलेला रस्त्यावरचा उजेड आणखी कमी करते. घोडबंदर रोडवर रात्री काळ्या कपड्यातला माणूस रस्ता ओलांडत असेल तर तुम्हाला हवा असतो उजेड, रंग नव्हे.

तरीही कोणाला चष्मा घ्यायचाच असेल, तर दुकानात पान वाचून निर्णय घेऊ नये. आपल्याला रोज जिथे घोटाळा होतो त्या चार-पाच गोष्टी बरोबर न्याव्यात. तव्यावरचा कबाब आतून गुलाबी आहे की शिजला, हे ज्याला कळत नाही त्याने तसा तुकडा डब्यात न्यावा. मळकट तपकिरी आणि गडद हिरव्या धाग्यांची रिळे न्यावीत. दुसऱ्या कोणाला तरी त्या वस्तू उलटसुलट मांडायला सांगाव्यात, आणि काच लावून दहा वेळा, काच न लावता दहा वेळा ओळखाव्यात. प्रत्येक वेळी वस्तू बदलून मांडायला हव्यात, नाहीतर माणूस जागा लक्षात ठेवतो आणि स्वतःचीच फसवणूक करतो. दहापैकी पाच-सहा बरोबर आले तर ते नाणे उडवण्याइतकेच झाले. मग ज्या जोड्या आधी ओळखता येत होत्या त्या काचेतून बिघडतात का, तेही पाहावे. जो दुकानदार हे करू देणार नाही, किंवा चष्मा परत घेणार नाही, त्याला सलाम करून बाहेर पडावे. मोबाईलचा कॅमेरा वस्तूवर धरला की रंगाचे नाव सांगणारी फुकट अॅप आहेत. कबाबासाठी तर वेळ मोजणे हाच जुना उपाय बरा.

घरातल्या मोठ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जन्मापासूनचा दोष कधी वाढत नाही, दोन्ही डोळ्यांत सारखा असतो. पण एखाद्याला आयुष्यभर रंग चांगले दिसत होते आणि आता लाल फिका पडतो आहे, किंवा एका डोळ्याला रंग वेगळा दिसतो आहे, तर तो आजार आहे. टीबीच्या उपचारातील इथॅम्ब्युटॉल हे औषध काही रुग्णांच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम करते आणि त्याची पहिली खूण अनेकदा लाल-हिरव्यातला गोंधळ हीच असते. ते औषध चालू असताना असे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी रंगीत चष्मा घेणे म्हणजे धूर दिसू नये म्हणून खिडकीला पडदा लावणे.

राहिला प्रश्न, जो आई हळूच विचारते, हे आमच्या घरात आले कुठून. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. नानांना असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलीकडे तो लपलेला असतो, तिला स्वतःला सहसा काही जाणवत नाही, आणि तिच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मुलात दोष निघाला तर मामू आणि खालाच्या मुलांचीही तपासणी करून घ्यावी, आणि ती दहावीच्या आधी व्हावी. वडील आपल्या मुलाला हा दोष देत नाहीत. मुलीत तो दिसायचा तर वडिलांना असावा लागतो आणि आईकडेही लपलेला असावा लागतो. त्यामुळे दोष असलेल्या मुलाचा निकाह खालाच्या मुलीशी ठरत असेल, आणि दोष नानांकडून आलेला असेल, तर त्या मुलीकडेही तो लपलेला असण्याची शक्यता निम्मी असते, आणि तसा तो असेल तर होणाऱ्या मुलींपैकीही निम्म्यांत तो उघड होऊ शकतो. यावरून नाते मोडण्याचे कारण नाही, हा काही जिवाचा आजार नव्हे. पण आईला 'तुझ्यामुळे झाले' असे म्हणणाऱ्या सासरच्या माणसांनी एवढे तरी समजून घ्यावे की तिलाही तो कोणाकडून तरी मिळालाच होता, आणि तो निवडण्याची संधी कोणालाच नव्हती.

माजिवड्याच्या मुलाने सध्या डॉक्टरांकडून आपला दोष कोणत्या प्रकारचा आणि किती तीव्र आहे हे लेखी घ्यावे. त्या कागदावरच परवान्याचा फॉर्म १-अ भरला जाईल, आणि पुढच्या भरतीच्या जाहिरातीतल्या वैद्यकीय वर्गाशेजारी तोच कागद ठेवून त्याला कोणता रकाना आपला आहे हे पाहता येईल.